नाक्यानाक्यावरचा हिशेब

ट्रक कुठल्या वाटेने न्यावा, हा प्रश्न लिनियर प्रोग्रामिंगमध्ये मांडायला मी बरीच वर्षे शिकवतो आहे, आणि मालवाहतुकीच्या कामात तो वापरतोही. नुसता सर्वांत स्वस्त मार्ग हवा असेल तर डाइक्स्ट्रा यांची १९५९ सालची रीत जास्त जलद आहे, हे आधीच सांगतो. पण खऱ्या कामात प्रश्न नुसता राहत नाही. वेळेची मर्यादा येते, परतीचे भाडे येते, ‘हा टोल कमी झाला तर काय’ अशी विचारणा येते. तिथे समीकरणांची मांडणी कामाला येते. पुढचे मुद्दे एकाच लहान जाळ्यावर तपासून पाहता येतील. त्यात पाच नाके आहेत, सात एकेरी रस्ते आहेत, आणि ट्रक १ नंबरच्या नाक्यावरून ५ नंबरच्या नाक्याला जायचा आहे. खर्च शंभर रुपयांच्या पटीत आहे.

१. चल रस्त्याला द्या, समीकरण नाक्याला.

नव्याने मांडणी करणारा बहुतेक वेळा संपूर्ण मार्गांची यादी करू पाहतो. पाच नाक्यांच्या जाळ्यात ते जमते, पन्नास नाक्यांच्या जाळ्यात मार्गांची संख्या हाताबाहेर जाते. म्हणून ‘मार्ग’ ही वस्तू मांडणीत आणायचीच नाही. प्रत्येक रस्त्याला एक चल द्यायचा: x13 म्हणजे १ कडून ३ कडे जाणारा प्रवाह. मग प्रत्येक नाक्यावर एकच हिशेब लिहायचा: बाहेर गेलेले वजा आत आलेले. सुरुवातीच्या नाक्यावर तो १, शेवटच्या नाक्यावर −१, मधल्या सगळ्या नाक्यांवर ०.

```
Minimize
 4 x12 + 2 x13 + x32 + 5 x24 + 8 x34 + 10 x25 + 3 x45
Subject To
 n1: x12 + x13 = 1
 n2: x24 + x25 - x12 - x32 = 0
 n3: x32 + x34 - x13 = 0
 n4: x45 - x24 - x34 = 0
 n5: - x25 - x45 = -1
End
```

या पद्धतीच्या फाइलमध्ये चल शून्यापेक्षा कमी नसतात हे गृहीतच असते, त्यामुळे ती अट वेगळी लिहावी लागत नाही. उत्तर येते ११: ट्रक १, ३, २, ४, ५ असा जातो. चौथ्या ओळीला ‘मार्ग’ म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिला फक्त आपल्या नाक्यावर काही साठू नये आणि काही हरवू नये एवढेच कळते. या मांडणीचे बळ तिथेच आहे. ती बिघडते तीही तिथेच.

२. सॉल्व्हर चालवण्याआधी उजव्या बाजूंची बेरीज करा.

वरच्या पाच समीकरणांच्या डाव्या बाजूंची बेरीज केली की सगळे काही कटते, कारण प्रत्येक रस्ता एका नाक्यावर अधिक चिन्हाने आणि दुसऱ्यावर वजा चिन्हाने येतो. म्हणून उजव्या बाजूंची बेरीजही शून्यच असली पाहिजे. दोन्ही टोकांना +१ लिहिले गेले असेल तर बेरीज ‘० = २’ होते आणि सॉल्व्हर ‘infeasible’ म्हणतो. असा संदेश आला की मी रस्त्यांची माहिती चाळत बसत नाही, आधी हा एक स्तंभ बेरजेला लावतो.

दोन्ही टोकांची चिन्हे उलटी पडली असतील तर मात्र बेरीज शून्यच येते आणि ही तपासणी फसते. आपल्या जाळ्यात ५ मधून बाहेर जाणारा रस्ताच नाही, त्यामुळे तिथे निदान ‘infeasible’ तरी दिसेल. पण खऱ्या जाळ्यात रस्ते दुहेरी असतात. तिथे सॉल्व्हर बिनतक्रार परतीचा मार्ग काढून देतो, आणि घाट चढतानाचा व उतरतानाचा खर्च वेगळा असेल तर उत्तराचा आकडाही चुकीचा येतो. त्यावर उपाय म्हणजे उत्तर आले की पहिल्या नाक्यातून बाहेर पडणारा कोणता चल १ आहे, तो डोळ्यांनी पाहावा.

बेरीज शून्य होते याचा आणखी एक अर्थ निघतो. पाचपैकी कुठलेही एक समीकरण उरलेल्या चारांतून मिळते. ते काढले तरी उत्तर बदलत नाही, ठेवले तरी बिघडत नाही.

३. पूर्णांकाची अट न घालताही उत्तर ० आणि १ मध्ये का येते, हे एकदा स्वतःला पटवून द्या.

समजा अर्धा प्रवाह १ वरून थेट २ ला गेला आणि उरलेला अर्धा ३ वरून २ ला आला. आता पहिल्या वाटेवरचा थोडा प्रवाह दुसरीवर ढकलता येतो, आणि तितकाच उलटाही. कुठल्याही नाक्याचा हिशेब मोडत नाही. म्हणजे हे अर्धे-अर्धे उत्तर इतर दोन उत्तरांच्या बरोबर मध्ये बसलेले आहे, ते कोपरा नाही. सिम्प्लेक्स पद्धत कोपऱ्यांवरूनच फिरते, म्हणून तिला अशी उत्तरे भेटतच नाहीत. या गुणधर्माचा व्यापक सिद्धांत ॲलन हॉफमन आणि जोसेफ क्रस्कल यांनी १९५६ साली मांडला.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. १ ते २ चा खर्च ४ ऐवजी ३ केला तर दोन मार्ग ११ वर बरोबरीत येतात. अशा वेळी इंटिरिअर पॉइंट पद्धत वापरली आणि शेवटची कोपऱ्यावर आणण्याची पायरी बंद ठेवली, तर दोन्ही वाटांवर अपूर्णांक दिसतात. मांडणी चुकलेली नसते, बरोबरी असते. सॉल्व्हरला सिम्प्लेक्सवर टाकून पाहिले की शंका फिटते.

४. समीकरणाच्या शेजारी छापलेला आकडा वाचायला शिका.

माझ्या मते या मांडणीतून मिळणारे सर्वांत मोलाचे हेच आहे, आणि बहुतेक जण ते न पाहता फाइल बंद करतात. प्रत्येक नाक्याच्या समीकरणाला एक ड्युअल किंमत असते. पहिल्या नाक्याची किंमत ० धरली तर आपल्या जाळ्यात ३ ची २, २ ची ३, ४ ची ८ आणि ५ ची ११ येते. हे त्या-त्या नाक्यापर्यंतचे कमीत कमी खर्च आहेत. सॉल्व्हर कधी हेच आकडे वजा चिन्हाने दाखवतो, कधी सगळ्यांत एकच संख्या मिळवून दाखवतो. एक समीकरण जादा असल्यामुळे ही मोकळीक उरते. फरक तेवढे खरे मानायचे.

ड्युअलची अट सोपी आहे: कुठल्याही रस्त्याच्या दोन टोकांच्या किमतींतला फरक त्या रस्त्याच्या खर्चापेक्षा जास्त होता कामा नये. या अटी पाळून ५ ची किंमत जितकी वर नेता येईल तितकी न्यायची. जॉर्ज मिंटी यांनी १९५७ साली याचे दोऱ्यांचे रूप सुचवले. प्रत्येक रस्त्याच्या लांबीइतका दोरा घ्या, नाक्यांवर गाठी मारा, पहिली आणि शेवटची गाठ धरून जाळे ताणा. जे दोरे ताठ होतात तो सर्वांत जवळचा मार्ग, आणि जे सैल राहतात ते मार्गाबाहेरचे. त्या रूपात रस्ते दुहेरी धरलेले आहेत, पण चित्र अगदी नेमके आहे.

हा सैलपणा मोजता येतो. १ ते २ चा खर्च ४, किमतींतला फरक ३, म्हणजे सैलपणा १. त्या रस्त्यावर शंभर रुपयांपेक्षा जास्त सूट मिळाल्याशिवाय मार्ग बदलणार नाही. २ ते ५ चा खर्च १०, फरक ८, सैलपणा २. तिथे दोनशेपेक्षा जास्त हवेत. टोलच्या सवलतीसाठी बोलणी करायला निघालेल्या माणसाला नेमके हेच आकडे लागतात, आणि त्यासाठी पुन्हा काही सोडवावे लागत नाही. हे गणित एका वेळी एकाच रस्त्याच्या बदलाचे असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

५. ऋण खर्च आला की चक्रे शोधा.

समजा २ वरून ३ कडे परतीचा माल मिळतो आणि खर्च वजा जाता तीनशे रुपये हातात राहतात. नवा रस्ता, खर्च −३. आता ३ ते २ आणि २ ते ३ या फेरीत प्रत्येक वेळी दोनशे रुपये सुटतात, आणि नाक्यांचा हिशेब त्या फेरीला मुळीच आडकाठी करत नाही, कारण जितके येते तितके जाते. सॉल्व्हर ‘unbounded’ म्हणतो. असे चक्र जाळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात, ट्रक कधी पोहोचणारही नाही अशा ठिकाणी असले तरी हेच घडते. बरेच सॉल्व्हर त्यासोबत अमर्याद घसरणीची दिशाही देतात. ती दिशा म्हणजे ते चक्रच असते, त्यामुळे दोषी रस्ते शोधणे सोपे जाते.

यावर प्रत्येक चलाला ‘१ पेक्षा जास्त नाही’ अशी अट घालण्याचा मोह होतो. मग उत्तर मिळते, आणि तेही पूर्णांकात: ट्रक १, २, ४, ५ असा जातो, शिवाय २ आणि ३ मधली एक फेरी मारतो. एकूण १०. पण त्यात २ नंबरचा नाका दोनदा आला. एकही नाका पुन्हा न घेता जाणाऱ्या मार्गांत सर्वांत स्वस्त मार्ग अजून ११ चाच आहे. एकदाच जाण्याचे बंधन हवे असेल तर प्रश्न मुळातच अवघड वर्गात जातो. नाक्यांच्या समीकरणांनी तो सुटणार नाही.

६. बाहेरची एक अट आली की अपूर्णांकांची तयारी ठेवा.

आता रस्त्यांना तास देऊ: १–२ ला २, १–३ ला ३, ३–२ ला २, २–४ ला ३, ३–४ ला २, २–५ ला ४, ४–५ ला २. स्वस्त मार्गाला १० तास लागतात. माल ९ तासांत पोहोचला पाहिजे, अशी एकच ओळ मांडणीत वाढवली की उत्तर येते ११⅓: दोन तृतीयांश ट्रक ३ वरून जातो, एक तृतीयांश थेट २ ला. वेळेची ओळ नाक्यांच्या ओळींसारखी नाही, तिच्यात अधिक-वजा एकची जोडी नसते. त्यामुळे तिसऱ्या मुद्द्यातला ढकलाढकलीचा युक्तिवाद तिथे चालत नाही. प्रवाह हलवला की तास बदलतात.

हे अपूर्णांक जवळच्या पूर्णांकाकडे नेऊ नयेत. तसे केले तर पुन्हा १० तासांचाच मार्ग हाती येतो. चल पूर्णांक आहेत असे सॉल्व्हरला सांगितले की तो x12 ला आधी ०, मग १ धरून पाहतो. ० धरल्यावर अपूर्णांकांनिशीसुद्धा खर्च ११⅔ च्या खाली येत नाही, आणि तिथले वेळेत बसणारे पूर्ण मार्ग १३ चे आहेत. १ धरल्यावर १, २, ४, ५ हा ७ तासांचा मार्ग १२ ला मिळतो. तोच घ्यायचा.

मोठ्या जाळ्यात मी वेळेच्या ओळीची ड्युअल किंमत आधी पाहतो. इथे ती एका तासाला ३३ रुपये ३३ पैसे आहे. प्रत्येक रस्त्याच्या खर्चात त्याच्या तासांची ही किंमत मिळवली की वेळेची अट काढून टाकता येते आणि पुन्हा साधा सर्वांत स्वस्त मार्गाचा प्रश्न उरतो, जो डाइक्स्ट्राच्या रीतीने क्षणात सुटतो. त्या नव्या खर्चाने १० तासांचा मार्ग आणि ७ तासांचा मार्ग दोघेही १,४३३ रुपयांवर येतात. त्यातून ९ तासांचे ३०० वजा केले की १,१३३ उरतात. याच्या खाली कुठलाच वेळेत बसणारा मार्ग नाही, आणि हातात १,२०० चा मार्ग आहे. मधल्या ६७ रुपयांसाठी फांद्या पाडत बसायचे की नाही, ते त्या वाटेवरून महिन्याला किती ट्रक जातात हे पाहून ठरवावे.