चित्रातल्या इंग्रजीचा मराठी खर्च

पर्यावरणीय जनसुनावणीची नोटीस निघाली की मसुदा अहवाल सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. २००६च्या अधिसूचनेनुसार सारांश मराठीत असतो आणि म्हणणं मांडायला किमान ३० दिवस मिळतात. पण मूळ अहवालातले नकाशे, आलेख इंग्रजीत, तेही सपाट चित्रं म्हणून. ग्रामपंचायतीला किंवा मच्छीमार संस्थेला नेमकं तेच वाचायचं असतं.

आधी एक पाहा. पीडीएफमधल्या अक्षरांवर माउस ओढा. अक्षरं निवडली गेली तर काम स्वस्तात होईल. नाही गेली, आणि मोठं करताच कडा फाटल्या, तर ते चित्रच. मग अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीकडे आलेखाची एक्सेल आणि नकाशाची मूळ फाइल लेखी मागा. मागायला पैसे पडत नाहीत, मिळाली तर बराच खर्च वाचतो.

नाही मिळाली तर दर कसा लागतो? वर्डची शब्दमोजणी चित्रातले शब्द धरत नाही, म्हणून पानांवरून दिलेला अंदाज हमखास चुकतो. शब्द आधी टाइप करून मोजून घ्या. समजा सहा चित्रांत ४२० शब्द निघाले आणि दर शब्दाला २ रुपये ठरला, तर भाषांतराचे ८४० होतात. खरा खर्च पुढे आहे: इंग्रजी पुसायचं, खालचा रंग भरायचा, मराठी बसवायचं. तीन आलेखांचे २०० प्रमाणे ६००, दोन प्रवाह-तक्त्यांचे ३०० प्रमाणे ६००, नकाशाचे ८०० धरले, तर एकूण २८४० होतात. हे दर हिशेबापुरते धरलेत. डीटीपीवाल्याकडून प्रत्येक चित्राचा भाव वेगळा घ्या.

सुनावणीपुरतं काम असेल तर मी एवढा खर्च करणार नाही. चित्र तसंच ठेवून शब्दांवर १, २, ३ आकडे घाला आणि खाली मराठी तक्ता द्या. तक्त्याचे ३०० धरले तरी ११४० रुपयांत भागतं, शिवाय नकाशाला हातही लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण पुसताना लावलेली पांढरी पट्टी भरतीरेषेवर आली तर रेषाच तुटते. आलेखावर आकडे छापलेले नसतील तर तो नव्याने काढू देऊ नका; खांबांची उंची नजरेने मोजून काढलेला आलेख सुनावणीत टिकत नाही.

गावांची नावं मात्र आपणच लिहून द्या. Talashil वाचून बाहेरचा माणूस ‘तलाशिल’ लिहील, आपलं ते तळाशील. Deobag चं देवबागच व्हायला हवं.

आगाऊ रक्कम देण्याआधी एक चित्र नमुन्याला करून घ्या आणि छापून पाहा. वरखालच्या मात्रा, उकार एकमेकांना चिकटत असतील तर अक्षर मोठं हवं. मजकूर युनिकोडमध्ये आणि बदल करता येईल अशा फाइलमध्ये मागा. नुसती जेपीजी घेतली तर पुढच्या दुरुस्तीला पुन्हा तेवढेच पैसे जातात.