रमीला बसण्याआधी लिहायचा कागद

लातूरच्या गंजगोलाईजवळ असो की नांदेडच्या वजिराबादेत, शनिवारी रात्री चार-पाच मित्र कुणाच्या तरी घरी तेरा पत्त्यांची रमी मांडतात. पॉइंटला काही पैसे लावले की डावात जीव येतो. पण किती हरल्यावर उठायचं, हे हरताना ठरवता येत नाही. म्हणून ते आधीच कागदावर उतरवून ठेवायचं.

उदाहरणादाखल मोंढ्यातल्या आडतीवरचा एक मुनीम घेऊ. पगार 24 हजार.

लागणारं सामान : वही, पैशाचं पाकीट, मोबाइलमधला अलार्म.

1. काय खेळायचं ते लिहा. मुनीमाने लिहिलं : "फक्त ओळखीच्यांत, घरी बसून रमी. मटका नाही." ऑनलाइन रमीचा प्रश्नच नाही; पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला. जिथे बैठकीचा मालक नाल कापतो, तिथेही जायचं नाही. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. मात्र डावातून क्लब कमाई करत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे.

2. महिन्याची हार ठरवा. भाडं, किराणा, फी, हप्ता आणि भिशी मिळून 20,500 जातात. उरलेल्या 3,500 मधले 2,000 आजारपण आणि सणासाठी बाजूला निघतात. राहिले 1,500, त्यात चहा-सिनेमाही आला. मुनीमाने रमीला 800 लावले. महिन्यात दोन बैठका, प्रत्येकी 400. हे पैसे गेलेच असं धरून चालायचं. पहिल्या बैठकीत 400 वाचले तरी दुसऱ्या बैठकीची हद्द 400 च राहते.

3. पॉइंटचा भाव बांधा. लोक नुसती हारीची हद्द लिहितात आणि भाव मोकळा सोडतात. फसगत इथेच होते. तेरा पत्त्यांच्या रमीत एका डावात जास्तीत जास्त 80 पॉइंट चढतात. सुरुवातीलाच पत्ते टाकले तर 20, मधेच टाकले तर 40. भाव 50 पैसे असेल तर सगळ्यात वाईट डाव 40 रुपयांचा, म्हणजे 400 रुपयांत असे दहा डाव झेपतात. "आता एक रुपया करू" म्हटलं की तोच डाव 80 चा होतो आणि पाचातच पाकीट रिकामं. भाव वाढवायचा आग्रह बहुधा रात्री उशिरा, हरणाऱ्याकडूनच येतो. म्हणून कागदावर लिहा : "50 पैशांच्या वर भाव गेला तर मी त्या डावात नाही."

4. वेळ लिहा. 8:30 ते 10:30. अलार्म 10:20 ला. तो वाजला की चालू डाव पुरा करायचा. पत्ते पुन्हा वाटायला घेतले की आपण उठलेलं असायचं.

5. रोकड वेगळी न्या. पाकिटात 400 सुटे. मोबाइलवरून पैसे द्यायचे नाहीत, उधार घ्यायचं नाही, वहीत मांडून ठेवायचं नाही. पाकिटात 40 पेक्षा कमी उरले की उठायचं, कारण पुढचा वाईट डाव त्यात भागत नाही आणि उधारी तिथून सुरू होते.

एका शनिवारी तसंच झालं. हरलेल्या पंधरा डावांत मिळून 820 पॉइंट चढले, म्हणजे 410 रुपये. एक डाव जिंकला, त्यात 45 आले. 10:10 ला पाकिटात 35 उरले. "बस की, उद्या दे" असं मित्र म्हणाले. वेळेची हद्द यायची होती, पण पैशाची आधी आली होती. मुनीम चप्पल घालून निघाला.

6. घरी आल्यावर चार आकडे मांडा. नेले किती, आणले किती, बसलो कधी, उठलो कधी. त्या दिवशीची ओळ : 400, 35, 8:30, 10:10. जिंकलेल्या रात्रीही तेवढ्याच काटेकोरपणे लिहा, नाहीतर वही फक्त आठवणीतल्या जिंकण्याची होते.

7. बदलाचा नियम ठेवा. हद्द कमी करायची तर आजच करा. वाढवायची तर महिना थांबा, आणि बायकोशी किंवा भावाशी बोलूनच. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे असू द्या.

कागद पुरत नाही तो केव्हा? उठायची वेळ वहीत दर खेपेला पुढे सरकते, हारीच्या रात्रीच्या ओळी कोऱ्या राहतात, भिशीचे पैसे पाकिटात येतात, घरी खोटं सांगावं लागतं. यातलं एक जरी दिसलं तरी आकडे नव्याने बांधत बसू नका. खेळणं थांबवा आणि 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. हा कागद मर्जीने उठू शकणाऱ्यासाठी आहे.