गृहिणीची पहिली पत : मुदतठेवीवरील क्रेडिट कार्ड

वीस-पंचवीस वर्षे घरखर्चाचा चोख हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीच्या नावे पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी बहुधा एकही नोंद नसते. गॅस, वीज, किराणा यांची देयके ती वेळेवर भरते. परंतु ही शिस्त तेथे नोंदविली जात नाही. नोंद होते ती कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची. पतीच्या निधनानंतर वा घर दुरुस्तीसारख्या गरजेच्या वेळी ती स्वतःच्या नावे कर्ज मागावयास जाते, तेव्हा उत्पन्नाचा पुरावा नाही आणि परतफेडीचा इतिहासही नाही, अशी दुहेरी अडचण उभी राहते.

पतीच्या कार्डावर पत्नीस मिळणारे पूरक कार्ड हा यावरील उपाय नव्हे. त्या कार्डावरील खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते आणि परतफेडीची नोंदही सामान्यतः त्याच्याच नावे होते. मुख्य कार्ड बंद झाले की पूरक कार्डही संपते. दहा वर्षे ते वापरूनही पत्नीची स्वतःची पत निर्माण होत नाही.

ठेव हेच तारण

अनेक बँका स्वतःच्या मुदतठेवीवर क्रेडिट कार्ड देतात. तारण बँकेकडेच असल्याने उत्पन्नाचा दाखला सहसा मागितला जात नाही. पॅन, आधार, बचत खाते आणि अर्जदाराच्या स्वतःच्या नावे ठेव एवढ्यावर काम भागते. बँक ठेवीवर आपला हक्क नोंदविते. ठेवीचे व्याज चालूच राहते, मात्र कार्ड बंद करून बाकी फेडल्याशिवाय ती ठेव मोडता येत नाही. ठेवीची रक्कम पतीने दिली असल्यास तिच्यावरील व्याज आयकरासाठी पतीच्या उत्पन्नात धरले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

उदाहरणादाखल असे समजू की, एका गृहिणीने २५,००० रुपयांची ठेव ठेवली आणि बँकेने तिच्या ८० टक्के, म्हणजे २०,००० रुपयांची मर्यादा दिली. बिल दरमहा १० तारखेस निघते व भरण्याची अखेरची तारीख ३० आहे. ती १२ तारखेस किराणा घेते. तो पुढील महिन्याच्या १० तारखेच्या बिलात येतो आणि ३० तारखेपर्यंत फेडावयाचा असतो. अशा रीतीने तिला सुमारे ४८ दिवस बिनव्याजी मिळतात. ९ तारखेस केलेल्या खरेदीला मात्र केवळ २१ दिवस मिळतात. महिन्याचा खर्च मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे येथे ६,००० रुपयांपर्यंत राखणे पतगुणांच्या दृष्टीने हिताचे ठरते.

किमान रकमेचा फसवा दिलासा

बिलावर ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन आकडे असतात. ६,००० रुपयांच्या बिलावर किमान देय ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये असेल. तेवढेच भरले तर ‘थकबाकीदार’ अशी नोंद होत नाही, पण बिनव्याजी सवलत संपते. दर महिन्यास ३.५ टक्के व्याज धरल्यास ६,००० रुपयांवर एका महिन्याचे २१० रुपये व त्यावरील १८ टक्के कराचे सुमारे ३८ रुपये होतात. भरलेल्या ३०० रुपयांपैकी जवळजवळ २५० रुपये असे व्याजाकरातच जातात. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डाने रोख रक्कम काढल्यास तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. म्हणून बचत खात्यातून ‘एकूण देय’ आपोआप वळते करण्याची लेखी सूचना बँकेस प्रारंभीच द्यावी.

हप्ते थकल्यास बँक ठेवीतून रक्कम वसूल करते. तेवढ्याने कर्ज फिटते. परंतु थकबाकीची नोंद पुसली जात नाही. ज्या हेतूने कार्ड घेतले तोच मग विफल होतो.

नोंद झाली की नाही?

साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित वापरानंतर ३०० ते ९०० या श्रेणीतील पतगुण दिसू लागतात. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. अहवालात ठेवीवरील कार्ड, नाव, जन्मतारीख व पॅन बरोबर आहेत का, हे पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पॅनवर माहेरचे आणि खात्यावर सासरचे नाव असते. त्यामुळे नोंद दुसरीकडे जाण्याचा वा सापडतच नसण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही नावे अर्जापूर्वीच जुळवून घेणे इष्ट. अहवालातील चुकीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून लागू आहे.

या मार्गालाही मर्यादा आहेच. पतगुण चांगले असले तरी उत्पन्नावाचून मोठे गृहकर्ज एकटीच्या नावे मिळणे कठीणच. तेथे सहकर्जदार किंवा तारण लागते. तथापि त्या अर्जासोबत परतफेडीची नोंद तिच्या स्वतःच्या नावे असेल, आणि ती पतीच्या कार्डावर अवलंबून नसेल.