सातनंतर थेट अठरा का?

प्रश्न : ४५१८ वापरून शून्य ते नव्व्याण्णव मोजणारे सर्किट केले. पण ०७ नंतर १८, १९ आणि मग १० दिसते. चूक कुठे?
– पदविका विद्यार्थी, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : आयसी खराब नाही, दोन काउंटरमधली जोडणी चुकली आहे. तुम्ही एककाचा क्यू-४ (पिन ६) दशकाच्या क्लॉकला (पिन ९) दिलेला दिसतो. क्यू-४ आठवर हाय होतो आणि नवानंतर शून्यावर येताना लो होतो. पिन ९ चढत्या कडेवर मोजते, त्यामुळे दशक आठवरच पुढे सरकतो. आपल्याला हवी उतरती कड. म्हणून पिन ९ ग्राउंडला जोडा आणि पिन ६ ची तार पिन १० वर, म्हणजे दशकाच्या एनेबलवर न्या. क्लॉक लो असताना एनेबल उतरत्या कडेवर मोजते. रिसेटच्या पिन ७ आणि १५ मोकळ्या सोडू नका. दहा किलोओहमने ग्राउंडला बांधा.

प्रत्येक अंकासाठी एक ४५११ आणि कॉमन कॅथोड डिस्प्ले लागतो. पाच व्होल्टवर प्रत्येक सेगमेंटला वेगळा ३३० ओहमचा रोध द्या. कॉमन पिनवर एकच रोध लावून पैसे वाचवाल, तर १ झगझगीत आणि ८ मंद दिसेल.

दुरुस्तीनंतर ०९ च्या पुढे १० आले, की जोडणी बरोबर. तरीही बटण एकदा दाबल्यावर आकडे उड्या मारत असतील, तर दोष बटणाच्या थरथरीचा आहे, काउंटरचा नाही.