कामातील धडा आणि दोनशे शब्दांचे टिपण

शासकीय व पंचायतीच्या कामकाजात लेखन पुष्कळ होते. नस्तीवर टिप्पणी लिहिली जाते, सभेचे इतिवृत्त तयार होते, मासिक अहवाल जातो. या लेखनाचा हेतू निर्णय घेणे किंवा झालेल्या कामाची नोंद ठेवणे हा असतो. हाताखालून गेलेल्या कामातून कोणती गोष्ट समजली, हे सांगणे हा त्याचा हेतू नसतो. त्यासाठी वेगळे, छोटे टिपण लिहावे लागते. अशा टिपणाने विचाराला धार कशी येते, हे एका नेहमीच्या कामाच्या उदाहरणावरून पाहता येईल.

पहिला खर्डा

समजा, एका गावात नळपाणी योजनेची पन्नास हजार लिटरची टाकी आहे. टाकीत दररोज टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकली जाते. टाकीवर ओटी चाचणी घेतली असता पाण्याला पिवळा रंग येतो. परंतु शेवटच्या वाडीतील नळावर रंग येत नाही. या प्रसंगावर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने लिहिलेला पहिला खर्डा साधारणपणे असा असेल : “वाडीतील नळाच्या पाण्यात क्लोरीन आढळून आला नाही. निर्जंतुकीकरण योग्य प्रमाणात करण्यात आले नसावे. जलसुरक्षकाने अधिक दक्षता घेणे आवश्यक आहे.”

वरवर पाहता या तीन वाक्यांत काही दोष दिसत नाही. कार्यालयीन भाषेच्या दृष्टीने ती निर्दोषही आहेत. परंतु ‘योग्य प्रमाण’ म्हणजे किती, हे त्यात नाही. ‘करण्यात आले’ या रचनेमुळे ते कोणी व केव्हा केले, हे झाकले जाते. आणि ‘दक्षता’ हा शब्द कारणाच्या जागी येऊन बसला आहे. लिहिणाऱ्याला कारण सापडलेले नाही, परंतु वाक्य पूर्ण झाल्यामुळे ते सापडल्याचा भास होतो.

शब्दाच्या जागी वस्तुस्थिती

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी प्रत्येक मोघम शब्दाच्या जागी मोजलेली किंवा पाहिलेली गोष्ट ठेवावी. एक हजार लिटर पाण्यास पाच ग्रॅम टीसीएल हे प्रमाण धरले, तर पन्नास हजार लिटरच्या टाकीस अडीचशे ग्रॅम लागते. नोंदवहीत रोज अडीचशे ग्रॅमच लिहिलेले असेल आणि टाकीवर रंगही चांगला येत असेल, तर ‘प्रमाण कमी पडले’ हे पहिले अनुमान टिकत नाही. मात्रा मुळातच कमी असती, तर टाकीवरील रंगही फिकट आला असता. येथे टिपणाने पहिले काम केले. जलसुरक्षकावर येणारा ठपका लिहिता लिहिताच गळून पडला.

आता ‘वाडीत क्लोरीन नाही’ या वाक्याच्या जागी दुसरे वाक्य हवे : तो कोठपर्यंत आहे आणि कोठून नाही? हे लिहिण्यासाठी जागेवरून उठावे लागते. पाणी सुटल्यावर टाकीपासून वाडीपर्यंत चार-पाच नळांवर, प्रत्येक नळ थोडा वेळ वाहू देऊन, चाचणी घ्यावी लागते. रंग नळागणिक हळूहळू फिकट होत गेला, तर लांबच्या वाहिनीत क्लोरीन खर्ची पडत असल्याचा संशय येतो. दोन लगतच्या नळांच्या मधेच तो एकदम नाहीसा झाला, तर त्या टप्प्यात वाहिनीला गळती असून बाहेरचे दूषित पाणी आत येत असल्याचा संशय बळावतो. पुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब उतरतो आणि गळका सांधा भोवतीचे पाणी आत ओढतो, म्हणून ज्या गावी ठरावीक वेळीच पाणी सुटते, तेथे हा धोका अधिक असतो.

या पाहणीनंतर टिपण असे होईल :

“टाकीवर, शाळेजवळ व चावडीजवळ पिवळा रंग आला. ओढ्यापलीकडील पहिल्याच नळावर आला नाही. चावडी व हा नळ यांच्यामधील व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचले आहे व सांधा गळतो आहे. टाकीत अडीचशे ग्रॅम पावडर जलसुरक्षकाने रोज सकाळी टाकली आहे. कारण सांध्यात असावे. सांधा बदलल्यावर आणि वाहिनी धुऊन काढल्यावर ओढ्यापलीकडे रंग आला पाहिजे. न आल्यास हे कारण चुकीचे समजावे. धडा : टाकीवरची एक चाचणी संपूर्ण गावाची चाचणी नव्हे.”

टिपणातील शेवटून दुसरे व तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल, हे लेखकाने आधीच लिहून ठेवले आहे. समजा, दुरुस्तीनंतर रंग आला, पण फिकटच आला आणि पुढच्या महिन्यात टाकीवरही तो फिकट येऊ लागला. तेव्हा जुने टिपण न खोडता त्याखाली तारीख घालून पुढचा शोध लिहावा. पावडरची पिशवी किती दिवसांपूर्वी उघडली, ती ओलसर खोलीत होती काय? ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के क्लोरीन असतो, परंतु हवा, उष्णता व ओल यांनी तो घटतो. तो वीस टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच परिणामासाठी अडीचशेऐवजी सुमारे चारशे दहा ग्रॅम पावडर लागेल. नोंदवहीतील आकडा तोच राहतो आणि पाण्यातील क्लोरीन मात्र कमी होतो, ही गोष्ट दोन टिपणे एकाखाली एक वाचल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही.

मराठीतून का

असे टिपण मराठीतून लिहिण्याचे कारण व्यवहारातले आहे. ‘प्रॉपर डोसिंग झाले नाही’ असे लिहिले की अर्थ कळल्यासारखा वाटतो आणि प्रश्न विचारायचा राहून जातो. ‘पावडर कोणी, किती, केव्हा टाकली’ असे लिहू लागले की कर्ता, आकडा व वेळ द्यावीच लागते. मात्र बोजड संस्कृत शब्दांनीही तोच आडोसा मिळतो, हे पहिल्या खर्ड्यावरून दिसून येते. याची कसोटी सोपी आहे. टिपण जलसुरक्षकाला वाचून दाखवावे. त्याने ऐकताच “नाही, पावडर मी रात्री टाकतो” असे म्हटले, तर टिपण सुधारले. त्याने नुसती मान डोलावली, तर ते अजून मोघम आहे असे समजावे.

मर्यादा

एका प्रसंगाचा धडा हा नियम नव्हे. दुसऱ्या गावी क्लोरीन नाहीसा होण्याचे कारण वेगळे असू शकते. टिपणात व्यक्तीचे नाव घालू नये, कारण नाव आले की वाचणाऱ्याचे लक्ष कारणावरून माणसावर जाते. कार्यालयीन कागदपत्रांतील मजकूर परवानगीवाचून बाहेर देण्यास सेवेच्या वर्तणूक नियमांनुसार मनाई आहे, याचेही भान ठेवावे. कामाची रीत सांगण्यास अशा मजकुराची गरजही पडत नाही.

टिपण दोनशे शब्दांपलीकडे जाऊ लागले, तर बहुधा त्यात दोन धडे मिसळलेले असतात. ते वेगळे करावेत. आणि ‘समन्वय महत्त्वाचा आहे’ असा कोणत्याही कामाला चिकटवता येईल असा शेवट झाला, तर धडा अद्याप हाती आलेला नाही. शिक्षकाने ‘मुले गणितात कच्ची आहेत’ असे लिहिले, तर तेथेही हेच घडते. ‘हातच्याच्या वजाबाकीत, वरच्या संख्येत शून्य आले की मुले अडतात’ असे लिहिले म्हणजे उद्याच्या तासाला फळ्यावर कोणते उदाहरण घ्यावयाचे, ते ठरते.