एजंटला चावी देण्याआधी

अगं, तुझा निरोप वाचला. कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा ठरलं हे बरंच झालं. बंद घर जास्त खराब होतं. पण एजंट तुला म्हणतोय ना, "मॅडम, तुम्ही टोरांटोला निवांत राहा, सगळं मी बघतो", तिथे जरा थांब. माणूस चांगला असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाहीये. त्याची कमाई कशावर आहे एवढं फक्त बघ. पुण्यात एजंटला साधारण महिन्याभराचं भाडं दलाली म्हणून मिळतं आणि ते भाडेकरू आत आला की मिळतं. म्हणजे त्याचं काम ज्या दिवशी संपतं, त्या दिवशी तुझं सुरू होतं. त्याला घाई असणारच. म्हणून त्यानं स्वतःच्या अधिकारात काय करायचं आणि कशाला तुला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे चावी देण्याआधी लिहून दे. फोनवर बोललेलं सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

आधी कुलमुखत्यारपत्राचं बोलू, कारण तिथेच सर्वात जास्त घोळ होतो. भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी आधार आणि बोटाच्या ठशावर होते आणि तू तिथून ठसा देऊ शकत नाहीस. त्यामुळे इथल्या कोणाला तरी सहीचा अधिकार द्यावाच लागेल. तो एजंटला देऊ नकोस, दादाला दे. त्या पत्रात कामं मोजून लिही: भाडेकरारावर सही आणि नोंदणी, पोलिसांना आणि सोसायटीला माहिती देणं, बस. विकणं, गहाण ठेवणं, पैसे स्वीकारणं, हा अधिकार पुढे तिसऱ्याला देणं, यातलं काहीही त्यात नको. मुदतीची तारीख घाल. वकिलातीत साक्षांकन करून ते इकडे आलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. दादा ते "बघू पुढच्या आठवड्यात" करत बसेल, त्याच्या मागे लाग.

आणि करार नोंदवलेलाच हवा. एजंट म्हणेल, नोटरी करून टाकू, स्वस्तात होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, भाडेकरूवर नाही आणि एजंटवर तर नाहीच. नोंदणी नसली आणि उद्या वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. ते खोटं पाडायचं काम तुझं, तेही टोरांटोतून.

आता भाडेकरू शोधण्याचं. एजंटला पहिल्याच फोनमध्ये एक गोष्ट बोलायला लाव: मालकीणबाई अनिवासी आहेत, त्यामुळे भाड्यातून कर कापून सरकारकडे भरावा लागेल. बहुतेक एजंट हे शेवटपर्यंत दडवतात, कारण ऐकल्यावर गिऱ्हाईक पळतं. पण हे सहीच्या दिवशी कळलं तर भाडेकरू चिडतो, आणि कधीच कळलं नाही तर नोटीस येते. भाडं अठ्ठावीस हजार धर. त्यावर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ८,७३६ रुपये भाडेकरू कापणार आणि १९,२६४ तुझ्या एनआरओ खात्यात टाकणार. त्यासाठी त्याला टॅन क्रमांक काढावा लागतो, तिमाही विवरण भरावं लागतं. त्या कामाचा सीएचा खर्च तू उचल, म्हणजे चांगला माणूस केवळ कटकटीपायी हातचा जाणार नाही. तुझा प्रत्यक्ष कर इतका होत नसेल तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो, किंवा कमी दरानं कापण्याचा दाखला आधीच मागता येतो. भाडं आणि अनामत दोन्ही थेट तुझ्या खात्यात. "माझ्याकडे द्या, मी पाठवतो" याला ठाम नाही.

पारखण्याबद्दल एजंट सांगेल, "पोलीस व्हेरिफिकेशन करतो, टेन्शन नको." ते करायलाच हवं. पण पोलिसांकडे माहिती नोंदवली म्हणजे माणूस भाडं वेळेवर देईल याची खात्री कोणी दिली असं होत नाही. खात्री आपण करायची. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट माग, नुसती पगाराची स्लिप नको. स्लिप छापता येते, पण पगार दर महिन्याला खात्यात जमा होताना दिसला की कंपनीचं नाव आणि रक्कम आपोआप जुळतात. पगार भाड्याच्या तिप्पट तरी असावा. मग आधीच्या घरमालकाला फोन. इथे नीट ऐक: आत्ता ज्यांच्याकडे राहतात त्या मालकाला नको, त्याच्या आधीच्याला कर. आत्ताच्या मालकाला माणूस घालवायचा असेल तर तो गोडच बोलेल. आधीच्याला एकच विचार, "अनामतीतून किती कापलं आणि कशाबद्दल?" त्या उत्तरात सगळं येतं.

आणखी एक, हे मला मनापासून सांगायचंय. तू काही सांगितलं नाहीस तर एजंट आपल्या मनानं चाळण लावतो. आडनाव बघतो, काय खातात विचारतो, एकट्या राहणाऱ्या मुली असतील तर "सोसायटीला चालत नाही" म्हणून परस्पर परत पाठवतो. तुझ्या नावानं, तुला न सांगता. स्वतः तू पहिल्या वर्षी परक्या शहरात घर शोधत फिरलीस ना? म्हणून स्पष्ट लिही की पगार, जुना मालक आणि राहणाऱ्यांची संख्या एवढंच बघायचं आणि आलेल्या प्रत्येकाचं नाव मला कळवायचं, नाकारलेल्यांचं कारणासकट. आणि सोसायटीनं भाडेकरूपायी जादा पैसे मागितले तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, हे सरकारी आदेशानं २००१ पासून ठरलेलं आहे.

दुरुस्तीवर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण पैसा तिथूनच गळतो. पुण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र असते. प्लंबर दारात उभा आणि तू झोपलेली, हे होणारच. म्हणून असं काहीतरी लिहून दे:

"पाण्याची गळती, वीज जाणं किंवा ठिणगी, गॅसचा वास, तुंबलेला संडास आणि न लागणारं मुख्य कुलूप, या पाच गोष्टींत दहा हजारांपर्यंत मला न विचारता लगेच काम करा, मग फोटो आणि बिल पाठवा. बाकी कामं तीन हजारांपर्यंत तुमच्या अधिकारात, पण महिन्याची बेरीज पाच हजारांच्या वर नको. त्यापुढे माझा रकमेसकट लेखी होकार लागेल. मी उत्तर दिलं नाही म्हणजे नाही समजा. बदललेला जुना भाग फेकू नका, फोटो काढेपर्यंत ठेवा."

महिन्याची बेरीज मुद्दाम घातली आहे. नाहीतर आठ हजारांचं एक काम तीन बिलांत वाटलं जातं आणि प्रत्येक बिल मर्यादेच्या आत बसतं.

आता हे चालतं कसं ते बघ. समज, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. एजंटचा निरोप येतो: "पूर्ण बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, पंच्याऐंशी हजार, सोसायटी मागे लागली आहे, आज हो म्हणा." तू हो म्हणायचं नाहीस, आणि नाही पण म्हणायचं नाहीस. तीन गोष्टी मागायच्या.

पहिली, खालच्या छतावर ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ आणि तारीख, आणि त्याचा फोटो. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सावकाश वाळतं. रेघ नसेल तर ओल वाढतेय की थांबलीय हे कोणीच सांगू शकत नाही, जो तो आपापल्या सोयीचं बोलतो. दुसरी, भाडेकरूंना दोन-तीन दिवस दुसरं बाथरूम वापरायला सांगायचं, पण नळाचं पाणी चालू ठेवायचं. वापर नसतानाही ओल रेघेबाहेर पसरली तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय. तिथे प्रेशर टेस्ट करून तेवढाच तुकडा बदलायचा, फरशी फोडण्याचा संबंधच येत नाही. तिसरी, ओल रेघेच्या आत थांबली असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी साठवून एक दिवस ठेवायचं. खाली ओल वाढली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा खालच्या थरात. नाही वाढली, पण ट्रॅप उघडून पाणी सोडल्यावर वाढली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा निचऱ्याच्या पाइपात. सांधे नव्यानं भरायला काही हजार लागतात, ट्रॅपला त्याहून जास्त, आणि सगळं फोडणं हा शेवटचा उपाय. एजंटनं सुरुवातच शेवटापासून केली होती.

खर्च कुणाचा, हेही यातूनच ठरतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूम-सिंकमधली आतली गळती फ्लॅटधारकाची, आणि बाहेरचा सामाईक पाइप किंवा पावसाचं पाणी असेल तर सोसायटीचं. ओल डक्टकडच्या भिंतीला असेल तर बिल देण्याआधी सेक्रेटरींना फोटोसह पत्र पाठव.

फोडावंच लागलं, तर दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाज घे. दोन्हींत तीच कामं मोजलेली हवीत: फरशी काढणं, राडारोडा वाहून नेणं, वॉटरप्रूफिंगचे किती हात, नवी फरशी, आणि किती वर्षांची लेखी हमी. नाहीतर स्वस्त आकड्यात राडारोडा धरलेलाच नसतो आणि तो नंतर वेगळा मागतात. पैसे तीन टप्प्यांत, ठेकेदाराच्या खात्यात थेट. सामानापुरता आगाऊ, नवी फरशी बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून तपासल्याचा व्हिडिओ आला की दुसरा, आणि खालच्या काकूंकडची ओल पूर्ण वाळली की शेवटचा. काकूंचं छत रंगवून देणार असशील तर तेही वाळल्यावरच, नाहीतर महिन्यात पोपडे येतात आणि भांडण नव्यानं सुरू होतं.

एजंटला या धावपळीचे पैसे दे. उघडपणे दे. दुरुस्तीच्या बिलावर पाच-सात टक्के देखरेखीचे म्हणून पत्रातच ठरव, पण पंच्याऐंशी हजारांच्या कामात ते कितीही होऊ नयेत म्हणून वर एक आकडा बांध. ठरवलं नाहीस तर तो ते ठेकेदाराकडून घेईल आणि ते तुझ्याच बिलात येतील.

चावी देण्याच्या दिवशी दादाला घरभर व्हिडिओ काढायला सांग: गिझरवरचा नंबर, मीटरचा आकडा, दारांच्या मागची बाजू, बाथरूमच्या कोपऱ्यातले सांधे. तो भाडेकरू, एजंट आणि तू, तिघांच्या एकाच ग्रुपवर टाक. अनामतीचा हिशेब निघताना त्याच्यावरच करायचा, आणि त्यातली कपात तू स्वतः मंजूर करायची, एजंट नाही. पत्राचा मसुदा तयार झाला की आधी मला पाठव, मी रविवारी दुपारी निवांत वाचते.