हिरवी गल्ली सोनेरी करताना

वाईसारख्या गावातली जुनी गल्ली: काळ्या दगडाचे जोते, वर चुन्याची भिंत, कौले आणि मागे ऑगस्टची झाडी. असा फोटो मला अनेकदा मार्चच्या रंगात न्यावा लागतो, वाड्यांना हात न लावता. त्यातून हाती आलेले हे चार धडे.

१. फोटोशॉपमध्ये मी सगळ्या चित्राचा Hue फिरवत नाही. Channel Mixer चा वेगळा लेअर घेतो आणि Red मध्ये लाल -50, हिरवा +200, निळा -50 ठेवतो. बेरीज 100 होते, म्हणून राखाडी दगड जसाच्या तसा राहतो. पान समजा 80, 120, 40 असेल, तर त्याचा लाल 180 होतो आणि ते सोनेरी दिसते. पण 150, 70, 50 या कौलाचा लाल 40 वर घसरतो, कौल हिरवट पडते. म्हणून लेअरचा ब्लेंड मोड Lighten करायचा. त्यात दोहोंतला मोठा आकडा टिकतो आणि कौलाचा 150 वाचतो.

२. हे गणित हिरव्या दाराला वाचवत नाही. 40, 100, 70 रंगाचे दार 145, 100, 70 होते, म्हणजे चक्क तपकिरी. दारे, खिडक्या, पाट्या मास्कवर काळ्या ब्रशने हातानेच झाकाव्या लागतात. झाडाला लागून असलेल्या चुन्याच्या भिंतीवर मात्र पानांची हिरवट झाक पडलेली असते. भिंत पूर्ण झाकली तर सोनेरी झाडाशेजारी ती झाक उघडी पडते. तेवढ्या पट्ट्यावर मी मास्क अर्धाच ठेवतो. ती झाक झाडाची आहे, भिंतीची नाही.

३. सगळी झाडे सोनेरी करू नका. आपल्याकडे गवत वाळते, सागाची पाने गळतात, पण आंबा उन्हाळ्यातही हिरवाच असतो. पिवळा आंबा जाणत्या डोळ्याला लगेच खटकतो. आंब्यावर मी फक्त हिरव्याची सॅच्युरेशन थोडी उतरवतो, धूळ बसल्यासारखी.

४. शेवटी मूळ फोटो सर्वांत वर ठेवून मोड Difference करा. जे बदलले नाही ते ठार काळे दिसते. वाड्यांच्या जागी, मुद्दाम सोडलेला तो पट्टा वगळता, कुठेही ठिपका चमकला तर मास्क तिथे फाटला आहे. कौलांच्या कडेला टेकलेली पाने 200 टक्क्यांवर पाहा, चूक बहुधा तिथेच सापडते.

उजेड मात्र या कशानेही बदलत नाही. ढगाळ दिवसाच्या फोटोत सावल्या नसतात आणि डांबर ओले असते, त्यामुळे सोनेरी गवतही खोटे वाटते. पावसाने उघडीप दिल्यावर, रस्ता सुकलेला असताना काढलेली फ्रेमच या कामाला घ्या.